फोनची बॅटरी फुगते तेव्हा आत काय घडतं, आणि आपण काय करायचं

माझा जुना फोन आईच्या खोलीत एका स्टँडवर असायचा, चोवीस तास चार्जरला लावलेला. आम्हा भावंडांपैकी कुणीही कधीही व्हिडिओ कॉल केला तर तिला फोन शोधायला लागू नये आणि चार्जिंग संपलं म्हणून कॉल चुकू नये, एवढाच त्यामागचा विचार. दीडेक वर्ष हे छान चाललं. मग एकदा बोलता बोलता ती म्हणाली, “अरे, हा फोन हल्ली स्टँडमध्ये नीट बसत नाही. रोज दाबून बसवावा लागतो.” स्टँडचं रबर सरकलं असेल असं म्हणून मी ते सोडून दिलं. महिन्याभराने तिच्याकडे गेलो आणि फोन हातात घेतला, तेव्हा स्क्रीनची काच एका लांब कडेने चौकटीतून वर आलेली होती. फटीत नख सहज गेलं असतं. बॅटरी फुगली होती, आणि आई महिनाभर ती रोज दाबत होती.

तिचं ते वाक्य आठवलं की मला अजूनही धस्स होतं. फुगलेल्या बॅटरीच्या बाबतीत सगळ्यात जास्त टाळायची गोष्ट म्हणजे तिच्यावर दाब देणं. आणि आईने सांगितलेलं लक्षण अगदी नेमकं होतं. मला ते ओळखता आलं नाही, एवढंच.

आता फुगणं म्हणजे नेमकं काय ते पाहू. बहुतेक फोनमधली बॅटरी पत्र्याच्या डब्यात नसते. ती एका चपट्या, मऊ पाउचमध्ये असते. ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्याला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक चिकटवून हा पाउच बनवतात आणि कडा उष्णता देऊन बंद करतात. आत दोन लांब पट्ट्या असतात. एक तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइट लावलेली, दुसरी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियमचं संयुग लावलेली. दोन्हींच्या मध्ये प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा असतो. हे सगळं एकत्र गुंडाळून किंवा घड्या घालून पाउचमध्ये बसवतात आणि त्यात इलेक्ट्रोलाइट हा द्रव भरतात. लिथियमचे आयन या द्रवातून एका पट्टीकडून दुसरीकडे जातात. चार्ज करताना ते ग्रॅफाइटमध्ये शिरतात, फोन वापरताना परत येतात.

सगळ्या गोष्टीचं मूळ या द्रवात आहे. तो पेट्रोलसारखा सेंद्रिय, ज्वलनशील द्रव आहे, आणि बॅटरीत ज्या परिस्थितीत त्याला राहावं लागतं ती त्याला मुळात मानवत नाही. ग्रॅफाइटच्या बाजूला तो पहिल्याच चार्जिंगमध्ये थोडा विघटित होतो. त्यातून ग्रॅफाइटवर एक अतिशय पातळ साय धरते, आणि ती साय पुढच्या विघटनाला अडवते. ही साय धरताना वायूही तयार होतो. म्हणून कारखान्यात पाउच मुद्दाम एका बाजूने मोठा ठेवतात. पहिलं चार्जिंग झालं की वायू त्या रिकाम्या भागात जमतो, मग तो ओढून काढतात, पाउच पुन्हा बंद करतात आणि जास्तीचा भाग कापून टाकतात. म्हणजे नव्या कोऱ्या बॅटरीतूनही एकदा वायू निघालेला असतो. फरक एवढाच की तेव्हा तो बाहेर काढायची सोय होती. पाउच कायमचा बंद झाल्यावर जो वायू तयार होतो त्याला जायला वाट नसते.

पुढे वायू का तयार होतो, याची मुख्य कारणं दोन आहेत आणि माझ्या फोनच्या वाट्याला दोन्ही आली. पहिलं म्हणजे बॅटरी सतत पूर्ण भरलेली असणं. शंभर टक्के दिसतं तेव्हा आतला व्होल्टेज साधारण 4.2 ते 4.45 असतो, बॅटरी कोणत्या प्रकारची आहे त्यावर. इतक्या वरच्या व्होल्टेजला लिथियमच्या संयुगाची बाजू द्रवाला जाळायला बघते, ज्वाला न होता, सावकाश. त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि इतर वायू निघतात. रोज वापरल्या जाणाऱ्या फोनमध्ये बॅटरी संध्याकाळपर्यंत तीस टक्क्यांवर येते, व्होल्टेज उतरतो आणि ही झीज मंदावते. चार्जरला कायम लावलेला फोन मात्र वरच्या टोकालाच अडकून पडतो. दोन-चार टक्के खाली आला की पुन्हा भरला जातो.

दुसरं कारण म्हणजे उष्णता. रासायनिक क्रियांचा एक ढोबळ नियम आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग जवळपास दुप्पट होतो. आईच्या खोलीतलं स्टँड खिडकीपाशी होतं आणि दुपारी तासभर त्यावर ऊन यायचं. चार्जिंगची स्वतःची ऊब, वर व्हिडिओ कॉलने तापलेला प्रोसेसर, त्यात ऊन. पूर्ण भरलेली बॅटरी आणि ताप ही जोडी बॅटरीला सगळ्यात लवकर म्हातारं करते. नुसता ताप किंवा नुसती भरलेली बॅटरी, दोन्ही वेगवेगळे आले तर नुकसान बरंच कमी होतं.

याउलटही बॅटरी फुगू शकते. फोन पूर्ण रिकामा करून दोन वर्षं ड्रॉवरमध्ये टाकून दिला तर व्होल्टेज इतका खाली जातो की ग्रॅफाइटवरची ती साय तुटू लागते आणि तांबंही द्रवात विरघळू शकतं. असा फोन पुन्हा चार्जरला लावला की नवी साय धरताना वायू निघतो, आणि विरघळलेलं तांबं नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती असते. शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज करणं, फोन पडून पाउचला मार बसणं, पाउचच्या बंदात दोष राहून आत ओल शिरणं, हीसुद्धा कारणं आहेत, पण घरात ठेवलेल्या जुन्या फोनच्या बाबतीत मी आधी चार्जर आणि ऊन यांच्यावरच संशय घेईन.

वायू किती जमतो, याचा अंदाज लोकांना सहसा चुकतो. मी त्या फोनची जाडी व्हर्नियर कॅलिपरने हलक्या हाताने मोजली. कडेला 7.8 मिलिमीटर, म्हणजे कंपनीने दिलेल्या आकड्याइतकीच. मधोमध 9.1. बॅटरी साधारण सहा सेंटीमीटर रुंद आणि नऊ सेंटीमीटर लांब होती. मध्ये जास्त, कडेला कमी असं धरून सरासरी एक मिलिमीटर फुगवटा घेतला, तर वायू झाला 6 गुणिले 9 गुणिले 0.1, म्हणजे 5.4 घन सेंटीमीटर. एक छोटा चमचाभर. एवढ्याशा वायूने काच चौकटीच्या गोंदातून उचकटून काढली. पट्ट्या स्वतःही चार्ज होताना किंचित जाड होतात आणि त्यासाठी फोनमध्ये जागा सोडलेली असते, पण ती मिलिमीटरच्या काही दशांश भागाएवढीच. ती भरली की पुढचा प्रत्येक थेंबभर वायू थेट काचेवर किंवा मागच्या झाकणावर रेटा देतो.

यातून लक्षणं आपोआप कळतात. फुगवटा ज्या बाजूला वाट सापडेल तिकडे जातो. स्क्रीनच्या बाजूला गेला तर काच एका कडेने वर येते, फटीतून आतला उजेड अंधारात दिसतो, आणि काही वेळा स्क्रीनवर फिकट किंवा जांभळट डाग उमटतो, कारण आतून दाब पडतो. मागे गेला तर झाकण पोटासारखं गोल होतं, कव्हर घट्ट होतं किंवा बसतच नाही, बाजूचं बटण रुततं. काही फोन कुठेच उचकटत नाहीत, त्यांची चौकटच किंचित वाकते.

खात्री करायला मी एक साधी कसोटी वापरतो. कव्हर काढून फोन काचेच्या सपाट टेबलावर स्क्रीन खाली करून ठेवायचा आणि एका कोपऱ्याला बोटाने हलकेच आडवं ढकलायचं. सपाट फोन घासत सरकतो. फुगलेला मधल्या टेकूवर गरकन फिरतो. मागच्या बाजूला कॅमेऱ्याचा उंचवटा असल्यामुळे ही कसोटी तिथे चालत नाही. तिथे सरळ पट्टी आडवी धरून खालून उजेड येतो का ते पाहायचं. मुळातच वळणदार काचेच्या फोनला दोन्ही उपाय फसवतात. अशा वेळी तसाच दुसरा फोन शेजारी ठेवून तुलना करावी. आणि नुसता गोंद सुटला असेल तर? तसंही होतं, विशेषतः स्क्रीन एकदा बदललेली असेल तर. पण तेव्हा काच सुटते आणि सपाटच राहते, फुगवटा नसतो. फरक कळत नसेल तर बॅटरी फुगली आहे असंच धरून चालावं. आणि काहीही झालं तरी काच दाबून परत बसवून पाहू नये.

बऱ्याच जणांना वाटतं की बॅटरी बिघडत असेल तर फोन सांगेलच. सेटिंगमध्ये बॅटरीची तब्येत टक्क्यांत दिसते, पण तो आकडा बॅटरीत किती चार्ज मावतो याचा असतो. वायू मोजायचा सेन्सर नेहमीच्या फोनमध्ये नसतो. फोनला व्होल्टेज, प्रवाह आणि तापमान कळतं, पोट दिसत नाही. माझ्या फोनमध्ये तो आकडा 88 टक्के होता आणि सूचना कसलीच नव्हती. चार्जरवरच राहिल्यामुळे बॅटरी फारशी भरली-रिकामी झाली नव्हती, म्हणून आकडा चांगला दिसत होता. त्याच्या जोरावर निश्चिंत राहू नये.

आता धोका किती, हे नीट सांगायला हवं, कारण इथे लोक एक तर घाबरून जातात किंवा दुर्लक्ष करतात. बॅटरी फुगली म्हणजे ती लगेच पेटणार असं नाही. पाउचने वायू धरून ठेवला आहे, म्हणजे तो त्याचं काम करतो आहे. पण आतली घडी आता सैल झालेली असते. पट्ट्यांच्या मध्ये वायूचे बुडबुडे बसतात, तिथून आयन जाऊ शकत नाहीत, आणि उरलेल्या भागावर जास्त भार येतो. त्या भागात लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी वरच धातूसारखं जमू शकतं. त्यात कुणी चार्जिंग चालू ठेवलं, किंवा फोन दाबला, किंवा ताणलेला पाउच एखाद्या स्क्रूच्या टोकाला टेकला, तर मधला पडदा फाटून दोन पट्ट्या एकमेकींना भिडतात. मग आत उष्णता वाढते, उष्णतेने आणखी रासायनिक क्रिया सुरू होतात, त्यातून आणखी उष्णता येते. साधारण 130 अंशांच्या आसपास पडदाच वितळतो आणि त्यानंतर काही थांबवता येत नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे चार्जर काढणं. मी सॉकेटचं बटण आधी बंद केलं आणि मग वायर काढली. फोन हाताला गार होता, वास नव्हता, म्हणून त्यातले फोटो वायफायवरून दुसरीकडे उतरवून घेतले. फोन तेव्हा पालथ्या थाळीवर ठेवला होता आणि मी शेजारी बसून होतो. हे काम केबलने लॅपटॉपला जोडून करू नये. केबल लावली की फोन चार्ज होऊ लागतो, आणि हीच चूक घाईत सगळ्यात सहज होते. बिनतारी चार्जिंगच्या पॅडवर ठेवणंही तेच. फोन जराही गरम लागत असता किंवा फुगवटा डोळ्यांदेखत वाढत असता, तर मी फोटोंचा नाद सोडला असता.

नंतर फोन बंद केला. चार्ज मुद्दाम उतरवायला म्हणून व्हिडिओ लावून ठेवला नाही, कारण वापराने बॅटरी तापते. बॅटरीत चार्ज जितका कमी तितकी पेटल्यावर सुटणारी ऊर्जा कमी, हे खरं आहे, पण फुगलेला फोन तापवून तो फायदा मिळवण्यात मला अर्थ दिसत नाही. बंद केलेला फोन फरशीवर, पडदे, गादी, कागद यांपासून लांब, हवेशीर जागी ठेवला. मातीची कुंडी किंवा कोरडी वाळू भरलेली धातूची बादली त्याहून चांगली. घट्ट झाकणाचा डबा मात्र नको. वायू सुटला तर आत दाब वाढतो. फ्रिजही नको, तिथे ओल धरते. पिशवीत, खिशात किंवा उभ्या गाडीत तर अजिबात नको. टाचणी टोचून वायू काढण्याचे व्हिडिओ मी पाहिलेत आणि ते पाहून राग येतो. आतला वायू ज्वलनशील असतो, टाचणी पडद्याच्याही पार जाऊ शकते, आणि छिद्रातून शिरलेली हवा व ओल आतल्या मीठासारख्या घटकाशी संयोग पावून घातक आम्ल तयार करते. वायू काढून बॅटरी बरी होत नाही. फुगवटा काही दिवसांनी थोडा बसल्यासारखा वाटला तरीही तो बरा झालेला नसतो.

काही लक्षणं दिसली तर हे सगळं बाजूला ठेवावं लागतं. फोन बंद असूनही तापत असेल, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येत असेल, नेलपेंट काढायच्या द्रावणासारखा गोडसर उग्र वास येत असेल, धूर निघत असेल, तर तो उचलायला जाऊ नये. सगळ्यांना खोलीबाहेर काढून अग्निशमन दलाला फोन करावा. तो धूर विषारी असतो. फोनएवढ्या बॅटरीची आग लहान असतानाच आणि सुरक्षित अंतरावरून करता येत असेल, तर भरपूर पाणी ओतणं उपयोगी पडतं. पाण्याने ज्वाला विझतात त्याहून महत्त्वाचं म्हणजे बॅटरी थंड होते. फक्त चार्जर सॉकेटमध्ये असेल तर आधी वीज बंद करायची. वरून गोधडी टाकली तर उष्णता आतच कोंडते.

आमच्या बाबतीत असं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी फोन दुरुस्ती करणाऱ्याकडे घेऊन गेलो, पण आधी त्याला फोन करून बॅटरी फुगलेली आहे असं सांगितलं. कुरियरने पाठवायचा विचार आला होता, तो सोडला. खराब झालेल्या लिथियम बॅटऱ्या विमानाने पाठवायला बंदी आहे, आणि पार्सल कुठे कशाखाली दाबलं जाईल हे आपल्या हातात नसतं. त्याने काम कसं केलं ते मी बघत बसलो. त्याने काच आधीच सुटलेल्या कडेने उचलली, बॅटरीची जोडणी सगळ्यात आधी काढली, आणि गोंद सोडवायला गरम हवेऐवजी अल्कोहोलचे थेंब बॅटरीखाली सोडून प्लॅस्टिकची पट्टी सरकवली. धातूचं हत्यार बॅटरीजवळ नेलं नाही. कुणी फुगलेली बॅटरी पेचकसाने उचकटताना दिसलं, तर फोन परत मागून घ्यावा. बाहेर काढलेल्या बॅटरीच्या टोकांना त्याने चिकटपट्टी लावली आणि ई-कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात ठेवली. घरच्या कचऱ्यात ती जाता कामा नये, कारण कचऱ्याच्या गाडीत सगळं चेपलं जातं.

फोन वाचला. चौकट वाकली नव्हती, डाग नव्या बॅटरीनंतर दोन दिवसांत फिका झाला. पाण्यापासूनचं संरक्षण मात्र आता धरून चालता येत नाही, कारण कारखान्यातला गोंद गेला.

तो फोन आईच्या खोलीत परत गेला, पण स्टँड खिडकीपासून आतल्या भिंतीला सरकवलं. सेटिंगमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय होती, ती चालू केली. ती नसलेल्या फोनसाठी टायमरचा प्लग चालतो: दिवसातून दोन तास चालू, बाकी वेळ बंद. वापरात नसलेला माझा आणखी एक फोन निम्मा चार्ज करून, बंद करून कपाटात ठेवलाय आणि दर सहा महिन्यांनी तो पुन्हा निम्म्यावर आणतो. प्रत्येक वेळी चार्जर लावण्याआधी त्याला टेबलावर पालथा घालून ढकलून बघतो.

आईही दर महिन्याच्या एक तारखेला तिचा फोन पालथा घालून ढकलून बघते आणि मला सांगते, “फिरत नाही, सरकतोय.”